आत्महत्येनंतर मागे राहिलेल्या घरासाठी: जिल्हास्तरीय समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी व शेतकरी आत्महत्या प्रकरणांवर निर्णय देणाऱ्या जिल्हास्तरीय समित्यांचे सर्व सदस्य,
विदर्भ.

विषय: मदतीच्या चौकशीचा मागे राहिलेल्या कुटुंबावर होणारा परिणाम आणि त्या कुटुंबाला लागणारा वेगळा आधार.

महोदय, महोदया,

कास्तकाराच्या आत्महत्येनंतर त्याच्या घरी जाऊन बसणे, हा माझ्या कामाचा भाग आहे. मी ग्रामीण भागात समुपदेशक म्हणून काम करते. आपल्या समितीपुढे येणारी प्रकरणे कागद होण्याआधी आणि कागद होऊन गेल्यानंतरही मला भेटत राहतात. शेतीचे संकट, हमीभाव किंवा कर्जमाफी यांविषयी हे पत्र नाही. त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणते लोक पुष्कळ आहेत. माझे म्हणणे एकाच गोष्टीपुरते आहे. माणूस गेल्यानंतर त्याच्या बायकोला, भावाला, आईला आणि मुलांना एक प्रश्न रात्रंदिवस पोखरत असतो, आणि नेमका तोच प्रश्न आपली यंत्रणा पहिल्या काही दिवसांतच त्यांना अधिकृतपणे विचारते, त्यांचे उत्तर लिहून घेते आणि काही महिन्यांनी त्यावर शिक्का मारून परत पाठवते. तो का गेला, हा तो प्रश्न आहे. घराच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा, आपल्या दृष्टीने वेगळा. हे दोन अर्थ एकमेकांत मिसळतात तेव्हा काय होते, ते मला आपल्यापुढे मांडायचे आहे.

कार्यपद्धती आपल्याला माझ्याहून चांगली माहीत आहे, तरी वाचणाऱ्या इतरांसाठी थोडक्यात सांगते. पोलीस आकस्मिक मृत्यूची नोंद करतात, पंचनामा आणि शवविच्छेदन होते, व्हिसेरा प्रयोगशाळेकडे जातो. त्याच सुमारास तलाठी आणि कृषी सहायक घरी येतात, तहसीलदारांचा अहवाल तयार होतो आणि तो जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे जातो. 2006 सालच्या शासन निर्णयाप्रमाणे पात्र ठरलेल्या कुटुंबाला एक लाख रुपये मिळतात. त्यातले तीस हजार हातात येतात आणि सत्तर हजार ठेव म्हणून ठेवले जातात, जेणेकरून दरमहा व्याज मिळावे. पात्र ठरण्यासाठी मृत व्यक्ती शेतकरी असावी लागते, कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी बँकेचे किंवा संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे लागते, नापिकीमुळे ते फेडता आलेले नसावे आणि वसुलीचा तगादा असावा लागतो. हे निकष पुरेसे आहेत की नाहीत, हा वाद मी येथे उकरून काढत नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की, हे निकष तपासण्यासाठी जे विचारले जाते त्यातला मोठा भाग विधवेच्या तोंडून काढला जातो, आणि तोही अशा दिवसांत, जेव्हा तिला आपण काय बोलतो आहोत याचे भान नसते.

एका घराची हकीकत सांगते. घरच्यांनी सांगायला संमती दिली आहे. गाव आणि तालुका मी मुद्दाम लिहीत नाही, आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

पाच एकर कोरडवाहू वावर, त्यात कपाशी आणि तूर. घरात नवरा, बायको, नवऱ्याची म्हातारी आई, नववीतली मुलगी आणि चौथीतला मुलगा. शेजारच्याच घरात नवऱ्याचा धाकटा भाऊ. सेवा सहकारी सोसायटीचे पीक कर्ज होते, पण ते दरवर्षी नवे-जुने होत आलेले, त्यामुळे कागदावर थकीत नव्हते. खरा तगादा होता तो परवाना नसलेल्या एका सावकाराचा आणि एका सूक्ष्म वित्त कंपनीच्या साप्ताहिक हप्त्याचा. तो हप्ता बायकोच्या नावावर होता, कारण ती कंपनी बायकांच्या गटालाच कर्ज देते. पोळ्याच्या दोन दिवस आधी हप्त्यावरून घरात बोलाचाली झाली आणि बायको म्हणाली, "तुमच्यानं काहीच होत नाही." पोळा झाला, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळाही झाला. मुलाच्या लाकडी बैलाचे एक चाक निखळले होते, ते बापाने स्वतः खिळा ठोकून बसवून दिले. पुढच्या आठवड्यात तो गेला.

तेरवीच्या आधीच चौकशी झाली. ओट्यावर चार माणसे, आत बायका, दारात गाव जमलेले. विचारणाऱ्यांमध्ये कोणी दुष्ट नव्हते. त्यांच्यापुढे प्रपत्र होते आणि त्यातले रकाने भरायचे होते. दारू घेत होते का? कोणता आजार होता का? घरात भांडण होते का? शेवटच्या प्रश्नाला तिने जे खरे होते तेच सांगितले: बोलणे झाले होते. दुसरी एखादी बाई कदाचित गप्प राहिली असती. हिला मात्र गेले आठ दिवस त्या एका वाक्याशिवाय दुसरे काही आठवतच नव्हते, त्यामुळे विचारताक्षणी ते तोंडातून बाहेर पडले. अहवालात लिहिले गेले: घरगुती वाद. सोसायटीचे कर्ज थकीत नाही, बाकीची कर्जे निकषात बसत नाहीत, म्हणून प्रकरण अपात्र. हा निर्णय मकरसंक्रांतीच्या सुमारास एका छापील पत्रातून घरी पोचला. ते पत्र मुलीने आईला वाचून दाखवले.

त्यानंतर मी गेले तेव्हा ती बाई मला म्हणाली, "ताई, आता त सरकारनंबी लिवून देल्लं, मायामुळंच गेले म्हणून."

समितीच्या मनात असे काही नव्हते, हे मला ठाऊक आहे. समितीने फक्त निकष लावले होते. पण तिच्या जागी बसून पाहा. गेले चार महिने ती स्वतःवर जो खटला चालवत होती, त्याचा निकाल जिल्ह्याच्या ठिकाणाहून शिक्क्यानिशी आला होता.

येथे मला या दुःखाविषयी काही सांगणे भाग आहे, कारण इतर मृत्यूंनंतरचा आधार येथे पुरत नाही आणि कधीकधी उलटाच पडतो. आजारपणात किंवा अपघातात माणूस गेला तर घरच्यांना शोक होतो, हळहळ होते, आणि "अजून लवकर दवाखान्यात नेले असते तर" असाही विचार येतो. पण त्या मृत्यूला सगळ्या गावाला मान्य असलेले कारण असते आणि लोक ते मोकळेपणाने बोलतात. आत्महत्येनंतर कारणाची जागा रिकामी राहते. माणसाचे मन ती जागा रिकामी ठेवू शकत नाही, म्हणून जे हाताशी असेल ते तिथे भरते. बायको आपले शेवटचे बोलणे भरते, भाऊ नाकारलेले पैसे भरतो, आई सुनेला भरते, गाव दारू भरते. त्यात संतापही असतो: "मले अन् या लेकरायले असं टाकून गेलेच कसे?" हा संताप बोलून दाखवायची सोय नसते, कारण गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये अशी आपली रीत आहे, तो आतच राहतो आणि पुन्हा अपराधी भावनेत मिसळतो. ज्या घरात दीर्घकाळ दारू किंवा मानसिक आजाराचा त्रास झाला असेल तिथे थोडी सुटकेची भावनाही येते, आणि तिची लाज त्याहून मोठी असते.

भेटायला येणाऱ्यांची वागणूकही बदलते. एरवी तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते आणि गेलेल्याच्या आठवणी निघतात. येथे माणसे येतात, पण एक तर काहीच बोलत नाहीत किंवा खालच्या आवाजात एकमेकांना विचारतात. "देवाची मर्जी" हे वाक्य कोणाच्या तोंडून नीट निघत नाही, कारण ते लागू पडत नाही हे सगळ्यांना कळते. तेरवी झाली की येणे थांबते. विधवेच्या अंगावर पांढऱ्या पायाची म्हणून जे बोल येतात, त्यांत "हिनंच त्याले मारलं" याची भर पडते.

आपल्यापैकी डॉक्टर किंवा पोलीस असलेल्या सदस्यांना मी पुढे सांगते ते परके वाटणार नाही. जवळच्या माणसाच्या आत्महत्येनंतर मागे राहिलेल्यांचा स्वतःचा जीव धोक्यात असतो. ब्रिटनमध्ये विद्यापीठांतील 18 ते 40 वयोगटातील ज्या लोकांनी जवळची व्यक्ती गमावली होती, त्यांच्यावर 2016 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आत्महत्येमुळे व्यक्ती गमावलेल्यांमध्ये पुढे स्वतः तसा प्रयत्न करण्याची शक्यता, अचानक आलेल्या नैसर्गिक मृत्यूमुळे व्यक्ती गमावलेल्यांपेक्षा सुमारे 65 टक्क्यांनी जास्त आढळली. रक्ताचे नाते असो वा नसो, त्यात फरक पडला नाही. म्हणजे हा केवळ घराण्यातून आलेल्या आजाराचा प्रश्न नव्हता. आणि लोक आपल्याला दोषी समजतात, आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहतात, असे त्या माणसांना किती वाटत होते हे हिशेबात घेतल्यावर हा फरक ठळक उरला नाही. तो अभ्यास आपल्या गावांचा नाही, आणि तिथले आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण लांच्छन आणि धोका यांचा जो संबंध त्याने दाखवला, तो मला प्रत्येक घरात दिसतो. म्हणूनच "घरगुती वाद" या दोन शब्दांची मला भीती वाटते.

या हकीकतीत ज्याच्याकडे कोणाचेच लक्ष नव्हते तो धाकटा भाऊ होता. मोठ्या भावाने त्याच्याकडे चाळीस हजार मागितले होते आणि त्याने, स्वतःचाही हात अडकलेला असल्यामुळे, "दिवाळीनंतर पाहू" असे उत्तर दिले होते. चौकशीत त्याला कोणी काही विचारले नाही, सांत्वनालाही कोणी त्याच्याकडे गेले नाही; सगळे वहिनीकडे आणि मुलांकडे जात होते, आणि जाणाऱ्यांना चहा करून देणारा तोच होता. दिवाळीनंतर तो जागलीच्या निमित्ताने रात्री वावरातच झोपू लागला. गावच्या आशाताईंना ते खटकले, कारण कापूस वेचून झाला होता आणि जागलीला काही उरले नव्हते. त्यांनी त्याला एकट्याला बसवून आडवळण न घेता विचारले, "भाऊ, तुमच्याबी मनात मरायचे विचार येतात का?" तो बराच वेळ गप्प राहिला आणि हो म्हणाला.

असे थेट विचारल्याने नसलेला विचार डोक्यात भरतो, ही समजूत गावात आहे आणि अधिकाऱ्यांतही आहे. ती बरोबर नाही. विचारल्याने माणूस सुटतो, निदान बोलतो. आशाताईंनी त्यानंतर जे केले ते साधेच होते. त्या दिवसापासून तो रात्री एकटा राहणार नाही असे घरच्यांशी ठरवले, दोन्ही घरांतली उरलेली फवारणीची औषधे दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला लावली, टेलिमानस या शासकीय मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या क्रमांकावर त्याच्यासमोरच फोन लावून दिला, आणि आठवडाभरात त्याला जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात नेले. त्याला नैराश्याचा आजार होता आणि औषधोपचार सुरू झाले. हे सगळे एका आशाताईंच्या नजरेमुळे झाले. आपल्या कोणत्याही प्रपत्रात त्या भावासाठी रकाना नव्हता.

मुलाला घरच्यांनी सांगितले होते की बाबांना साप चावला. बहुतेक घरांत असेच काही सांगितले जाते, आणि ते मायेपोटीच सांगितले जाते. पण शाळेत दुसऱ्या मुलाने खरे सांगून टाकले. तेव्हापासून तो आजीला रोज विचारी, कोणता साप होता, किती लांब होता, कुठे गेला. त्याला साप नको होता; मोठी माणसे खोटे बोलतात का, हे तो तपासून पाहत होता. शेवटी आईने आणि मी त्याला जवळ घेऊन सांगितले की बाबांचे मन खूप आजारी झाले होते, त्या आजारात त्यांना दुसरा रस्ता दिसला नाही आणि त्यांनी स्वतःचा जीव संपवला. तेव्हा तो म्हणाला, मी बैलाच्या चाकासाठी त्यांना सारखा त्रास देत होतो. चार महिने ते पोर हा हिशेब एकटे वागवत होते. मुलांना कसे, कधी किंवा कुठे याचा तपशील द्यायची गरज नसते. पण काय झाले ते खरे सांगावे लागते, आणि ते तुझ्यामुळे झाले नाही हे विचारण्याची वाट न पाहता सांगावे लागते, कारण ते मूल आपणहून विचारत नाही.

आता त्या बाईकडे येते, कारण आपल्या पत्रानंतर सर्वांत अवघड काम तिच्याबाबतच होते. "तुझी काही चूक नाही" असे तिला सगळेच सांगत होते, आणि प्रत्येक वेळी ती मान हलवून गप्प होई. अपराधी भावना एका वाक्याने जात नाही. ती एवढ्या लवकर खोडून काढली की माणसाला वाटते, याला माझे पूर्ण ऐकायचेच नाही. म्हणून मी तिला आधी सगळे सांगू दिले, त्या शेवटच्या दोन आठवड्यांतला दिवस अन् दिवस, आणि पुन्हा पुन्हा. ऐकताना मी तिला थांबवले नाही आणि समजावलेही नाही. पुष्कळ वेळा ऐकल्यावर आम्ही मुलीच्या वहीच्या एका कोऱ्या पानावर दोन बाजू केल्या. एका बाजूला त्या आठवड्यात तिला जे माहीत होते ते, दुसऱ्या बाजूला जे तिला नंतर कळले ते.

पहिल्या बाजूला आले: झोप लागत नाही असे ते म्हणत होते, जेवण कमी झाले होते, सोमवारी बँकेत जाऊन येतो म्हणाले होते, मुलाचे चाक बसवून दिले, हप्त्यावरून बोलणे झाले. दुसऱ्या बाजूला आले: सावकार वावरात येऊन चारचौघांत बोलून गेला होता, भावाकडे पैसे मागितले होते, कृषी केंद्राची उधारी होती ती तिला ठाऊक नव्हती, शेवटच्या आठवड्यात त्यांनी एका मित्राला "आता थकलो" असे म्हटले होते. दोन्ही बाजू एकत्र वाचल्या की आज सगळे लख्ख दिसते. पण त्या रात्री तिच्याजवळ फक्त पहिली बाजू होती, आणि तिच्यात सोमवारी बँकेत जाणारा आणि पोराच्या बैलाला चाक ठोकणारा माणूस होता. ती पान बराच वेळ पाहत राहिली. त्या वाक्याचे तिला आजही वाईट वाटते, आणि वाटू नये असे मी तिला सांगत नाही. ते वाक्य कठोर होतेच. पण कठोर बोलणे आणि जीव घेणे या दोन गोष्टी आता तिच्या मनात वेगळ्या झाल्या आहेत. का गेले, याचे पूर्ण उत्तर तिला मिळालेले नाही आणि बहुधा मिळणारही नाही, कारण त्यातला एक भाग फक्त जाणाऱ्यालाच माहीत होता. आत्महत्येमागे कर्ज, आजार, अपमान, एकटेपणा, तो क्षण असे अनेक धागे असतात. त्यातला एकच ओढून कारण म्हणून लिहिणे शास्त्रालाही मान्य नाही.

संशोधनासाठी म्हणून जेव्हा एखाद्या आत्महत्येचा मानसशास्त्रीय मागोवा घेतला जातो, तेव्हा प्रशिक्षित माणूस सहसा काही आठवडे किंवा महिने थांबून, संमती घेऊन, एकांतात, अनेक माणसांशी बोलून तो घेतो, आणि तरीही निष्कर्ष सावधपणे मांडतो. आपली चौकशी तेच काम तेरवीच्या आत, ओट्यावर, गावासमोर करते.

यावर माझी पहिली विनंती अशी आहे की, निकषांसाठी जी माहिती लागते ती जिथे आहे तिथून घ्यावी. सातबारा आणि आठ-अ तलाठ्यांकडे आहेत, कर्जाची स्थिती बँकेत आणि सोसायटीत आहे, नापिकीची आणेवारी आपल्याकडेच आहे, वसुलीच्या नोटिसा देणाऱ्यांकडे त्यांच्या प्रती आहेत. यांतले काहीही विधवेला विचारायची गरज नाही. पोलिसांना त्यांच्या कायदेशीर चौकशीसाठी जे विचारावे लागते ते त्यांनी विचारावे. पण महसूल खात्याच्या प्रपत्रातला घरातल्या भांडणाचा प्रश्न कोणत्या निकषासाठी आहे, हे एकदा समितीने स्वतःला विचारावे. जे काही बोलायचे राहील ते आत, एका वेळी एका माणसाशी, शक्यतो महिला कर्मचाऱ्याने बोलावे. छायाचित्रे काढणाऱ्यांना आणि गर्दी घेऊन भेटीला येणाऱ्या पुढाऱ्यांना त्या वेळी दाराबाहेर ठेवावे.

दुसरी विनंती आधाराविषयी आहे, आणि ती पात्रतेपासून पूर्णपणे वेगळी करावी. आपल्याकडे यंत्रणा नाही असे नाही. 2015 पासून विदर्भ आणि मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प आहे, आशाताई घरोघरी जाऊन ताणाखाली असलेली माणसे ओळखतात, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. पण या सगळ्याची नजर जो जाऊ शकतो त्याच्याकडे आहे. जो गेला त्याच्या घराकडे ती वळत नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम 115 प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करून वाचलेल्या माणसाला काळजी, उपचार आणि पुनर्वसन देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. ज्या घरातला माणूस वाचला नाही, त्या घराविषयी हे कलम काही सांगत नाही. कायद्याची वाट न पाहता आपण एका परिपत्रकाने एवढे करू शकता: तहसीलदारांकडे घटनेची खबर आली की तीच खबर त्याच दिवशी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे जावी, आणि प्रशिक्षित आशाताई किंवा समुपदेशक पहिल्या आठवड्यात त्या घरी जावेत. कागद, पेन किंवा मोबाइल बाहेर न काढता.

त्या पहिल्या भेटीत समुपदेशन होत नाही, होऊही नये. घरात अन्न शिजते आहे का, मुले कुठे झोपतात, औषधांचे डबे कुठे आहेत, आणि कोण एकटे राहते आहे, एवढे पाहून यायचे असते. खरी गरज तेरवीनंतर, माणसे जायची थांबतात तेव्हा सुरू होते. त्यानंतर ती काही ठरावीक वेळांना उसळते: व्हिसेरा अहवाल येतो तेव्हा, समितीचा निर्णय येतो तेव्हा, फेरफारासाठी तलाठी कार्यालयात मृत्यूचा दाखला पुढे करावा लागतो तेव्हा, मृग लागून पेरणीचा प्रश्न उभा राहतो तेव्हा, आणि वर्षश्राद्धाच्या आसपास. या तारखा आपल्याला आधीच माहीत असतात, तेव्हा भेटी या तारखांना बांधाव्यात. घराने येऊ नका म्हटले तर त्याचा मान ठेवावा, पण महिन्याने पुन्हा एकदा विचारावे. आणि भेट देणाऱ्याने बायको, भाऊ, म्हातारे आईबाप, शाळेत जाणारी मुले आणि ज्याने त्या माणसाला मृतावस्थेत पहिल्यांदा पाहिले तो, या प्रत्येकाला वेगळे भेटावे, कारण एकमेकांसमोर ही माणसे एकमेकांना जपत राहतात आणि खरे बोलत नाहीत.

ज्या बाया दोन-चार वर्षांपूर्वी याच वाटेने गेल्या आहेत, त्यांच्यापैकी तयार असतील त्यांना थोडे शिकवून नव्या घरी सोबत न्यावे. या हकीकतीतल्या ताई पहिल्यांदा हसल्या त्या माझ्याशी बोलताना नव्हे, तर शेजारच्या गावातल्या अशाच एका बाईशी बोलताना; दोघींच्या सासवांनी त्यांना तेच शब्द ऐकवले होते असे निघाले. अर्थात आपले स्वतःचे दुःख अजून ओले असणाऱ्या बाईला या कामाला लावू नये, आणि तिच्या जाण्या-येण्याचा खर्च शासनाने द्यावा.

तिसरी विनंती निर्णयाच्या पत्राविषयी आहे. प्रकरण अपात्र ठरवणे आपल्याला भाग पडत असेल, तर निदान ते कसे कळवायचे हे आपल्या हातात आहे. पत्रात मृत्यूच्या कारणाविषयी एक शब्दही नसावा. पुढील मजकूर मी सुचवते, तो आपण हवा तसा बदलावा: "आपल्या कुटुंबावर ओढवलेल्या दुःखात समिती सहभागी आहे. शासन निर्णयातील कर्जविषयक अट कागदपत्रांवरून पूर्ण होत नसल्याने ही मदत देता येत नाही. हा निर्णय केवळ कागदपत्रांपुरता आहे. मृत्यूचे कारण किंवा कुटुंबातील कोणाचे वागणे याविषयी समितीने कोणतेही मत दिलेले नाही. नवी कागदपत्रे मिळाल्यास फेरविचारासाठी अर्ज करता येईल. विधवा निवृत्तिवेतन, मुलांचे शिक्षण व वारस नोंदीसाठी पुढील व्यक्ती आपल्याला घरी येऊन भेटेल." त्याखाली त्या कर्मचाऱ्याचे नाव असावे, आणि पत्र टपालाने न पाठवता त्याच कर्मचाऱ्याने हाताने द्यावे आणि वाचून दाखवावे, म्हणजे ते नववीतल्या मुलीला आईपुढे वाचावे लागणार नाही.

ज्या प्रकरणांत अशी पत्रे यापूर्वी गेली आहेत आणि त्यांत घरगुती वाद, व्यसन किंवा तत्सम कारण लिहिलेले आहे, त्या घरांना दुरुस्तीचे पत्र पाठवता येते. त्यासाठी निधी लागत नाही, नवा शासन निर्णय लागत नाही. आपल्या समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि मागील प्रकरणांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे सोपवावी, अशी माझी विनंती आहे. ज्या घराची हकीकत मी सांगितली, त्यांचे नाव मी आपल्या कार्यालयात स्वतः येऊन, त्यांच्या संमतीनिशी देईन.

आपली नम्र,
ग्रामीण भागात काम करणारी एक समुपदेशक